कोड संपला, मग पार्सल कुठे गेलं?

जर्मनीत भाड्याचं घर मिळालं की पहिल्याच आठवड्यात एक काम उरकायला हवं आणि नेमकं तेच आपल्याकडून गेलेल्या मुलांना कुणी सांगत नाही. ते म्हणजे बेलच्या पाटीवर स्वतःचं आडनाव लावणं. तिथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. खाली मुख्य दाराशी बेलच्या बटणांची रांग असते, प्रत्येक बटणाशेजारी आडनाव असतं आणि पार्सलवाला त्या आडनावावरूनच घर ओळखतो. पाटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव आणि पार्सलवर ‘कुलकर्णी’, अशी गत असेल तर पत्ता बरोबर असूनही पार्सल आल्या पावली परत जातं.

पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. आपल्याकडे कुरिअरवाला आधी फोन करतो. आपण घरी नसलो तर ‘वॉचमनकडे ठेवा’ किंवा ‘समोरच्या काकूंकडे द्या’ म्हटलं की काम झालं. तिथे वॉचमन नाही आणि फोनही सहसा येत नाही. बेल वाजते, कुणी दार उघडलं नाही तर पार्सल शेजाऱ्याकडे दिलं जातं. शेजारीही नसेल तर ते जवळच्या पोस्टाच्या काउंटरवर जातं, जे बरेचदा एखाद्या किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानातच असतं. पत्रपेटीत तशी चिठ्ठी पडते. दिवसभर ऑफिसात असलेल्या माणसाला मग संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत ती चिठ्ठी आणि पासपोर्ट घेऊन पळावं लागतं. रविवारी तर दुकानं बंदच.

यावरचा तिथला तोडगा म्हणजे पॅकस्टेशन. डॉइचे पोस्टची पार्सल शाखा असलेल्या डीएचएलने 2001 मध्ये डॉर्टमुंड आणि माइन्झ या शहरांत त्याची चाचणी सुरू केली. आज सुपरमार्केटच्या भिंतीशी, रेल्वे स्टेशनबाहेर, पेट्रोल पंपावर ही पिवळी कपाटं दिसतात. रात्री अकरा वाजता जा नाहीतर रविवारी सकाळी जा, कोड दाखवला की तुमच्या पार्सलचा कप्पा उघडतो. सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या आणि वाटेत असं कपाट लागणाऱ्या माणसाने मी तर म्हणेन बेधडक तेच निवडावं. पार्सलसाठी सुट्टी काढून घरी बसणं किंवा शेजाऱ्याच्या दारात संकोचून उभं राहणं, दोन्ही टळतं.

मात्र ऑर्डर करतानाच काही मर्यादा ठाऊक असाव्यात. पॅकस्टेशनसाठी आधी नोंदणी करून एक ग्राहक क्रमांक घ्यावा लागतो. पत्त्यात रस्त्याच्या नावाऐवजी तो क्रमांक आणि कपाटाचा नंबर लिहायचा असतो. ग्राहक क्रमांक विसरला तर मशीनला पार्सल कुणाचं ते कळत नाही. पार्सल 75 × 60 × 40 सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल तर ते कप्प्यात मावत नाही. शिवाय हा पत्ता डीएचएलचा आहे. दुकानदार दुसऱ्या कंपनीने माल पाठवणार असेल तर तो पत्ता त्या कंपनीच्या कामाचा नाही, म्हणून पैसे भरण्याआधी माल कोण पोहोचवणार ते बघावं. भारतातून आई फराळाचं पार्सल पाठवणार असेल तर मी घरचाच पत्ता देईन. तिकडे शेवटच्या टप्प्यात ते कोणाच्या गाडीत पडेल हे इथून ठरवता येत नाही आणि कस्टमचे पैसे भरायचे निघाले तर समोर माणूस असलेला बरा.

आता कोडकडे येऊ. आपल्याकडे घरपोच डिलिव्हरीला जो ओटीपी लागतो, तो दारात उभ्या असलेल्या माणसापुरता असतो. तो चालला नाही तर दुसरा येतो. कपाटाच्या कोडचं तसं नाही. तो कप्प्याच्या मुदतीला बांधलेला असतो. पॅकस्टेशनमध्ये पार्सल सात दिवस राहतं, आणि हे दिवस रविवार-सुट्टी धरून मोजतात. पोलंडमधल्या इनपोस्टच्या कपाटांत ही मुदत फक्त 48 तासांची आहे, पण ती संपण्याआधी ॲपमधून पैसे भरून वाढवून घेता येते. ॲमेझॉनच्या लॉकरला साधारण तीन दिवस मिळतात. तेव्हा सवयीने ‘आठवडा आहे हातात’ असं धरून चालू नये. ॲपमध्ये शेवटची तारीख दिलेली असते, तीच खरी.

कोड चालत नाही म्हटलं की दोन अगदी निराळ्या गोष्टी असू शकतात आणि गोंधळ इथेच होतो. पहिली म्हणजे मुदत शिल्लक आहे, पार्सलही कप्प्यात आहे, पण कोड दिसत नाही किंवा मशीन तो घेत नाही. दुसरी म्हणजे मुदतच संपली. पहिलीत धावपळ करायची असते ती कपाटवाल्या कंपनीकडे, दुसरीत दुकानदाराकडे. उलटं केलं तर मधले मोलाचे दिवस वाया जातात.

पहिल्या प्रकाराचं नेहमीचं कारण म्हणजे फोन बदलणं. पॅकस्टेशनचा कोड डीएचएलच्या ॲपमध्ये दिसतो, पण त्यासाठी तो फोन आधी त्या खात्याशी जोडलेला लागतो. ही जोडणी घरच्या पत्त्यावर टपालाने आलेल्या पत्रातल्या कोडने होते. नवा फोन घेतला, जुना विकला, पत्र रद्दीत गेलं, आणि नेमकं तेव्हाच पार्सल कपाटात येऊन पडलं तर नवं पत्र मागवावं लागतं. सात दिवसांतले काही त्या पत्राच्या वाटेतच जातात. म्हणून ते पत्र पासपोर्टसोबत जपून ठेवावं. आणखी एक कारण साधं आहे. नव्या पद्धतीच्या कपाटांना स्क्रीनच नसतो, ती फोनशी ब्लूटूथने बोलतात. ब्लूटूथ किंवा लोकेशन बंद असेल तर कप्पा ढिम्म हलत नाही आणि माणसाला वाटतं की कोडच संपला. म्हणून आधी ॲपमधली तारीख बघा. तारीख उरली असेल तर दोष जोडणीचा आहे.

दुसरा प्रकार एका उदाहरणाने बघू. समजा, स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या एका मुलीने गुरुवारी 80 युरोचे बूट मागवले, पत्ता पॅकस्टेशनचा दिला आणि पैसे ‘बिलावर, 30 दिवसांत’ असे ठेवले. शनिवारी ती भावाच्या लग्नाला पुण्याला आली. सोमवारी बूट कप्प्यात पडले, ॲपवर सूचना आली, पण घरात हळदीची गडबड होती. पुढच्या आठवड्यात आठवण होऊन तिने ॲप उघडलं, तेव्हा मुदत उलटून गेली होती आणि कोड नाहीसा झाला होता.

अशा वेळी कपाटासमोर जाऊन उभं राहण्यात अर्थ नसतो. पार्सल अजून आत पडलेलं असलं तरी तो कप्पा आता पार्सलवाल्यासाठीच उघडणार. तो पार्सल काढतो आणि ते पाठवणाऱ्याकडे परत निघतं. ट्रॅकिंगमध्ये ‘पाठवणाऱ्याकडे परत’ अशा अर्थाची नोंद दिसली की डीएचएलकडून हाती लागण्यासारखं काही उरत नाही. तिने ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा आणि त्याच दिवशी दुकानदाराला लिहायचं.

काय लिहायचं हे मात्र आधी नीट ठरवावं लागतं, कारण जर्मन कायदा इथे बारकाईने बघतो. ऑनलाइन खरेदी रद्द करण्याचा हक्क माल हातात पडल्यापासून 14 दिवस असतो. तिच्या हातात माल पडलेलाच नाही, म्हणजे ही मुदत सुरूही झालेली नाही आणि हक्क शाबूत आहे. पण पार्सल न उचलणं म्हणजे खरेदी रद्द करणं नव्हे. 13 जून 2014 पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे ‘मी करार रद्द करते’ हे ग्राहकाने स्पष्ट कळवावं लागतं. गप्प बसलं की बूट परत जातात आणि बिल मात्र तसंच राहतं. तिला बूट नको असतील तर ईमेलमध्ये एवढं एक वाक्य आणि ऑर्डरचा क्रमांक पुरतो:

```
Hiermit widerrufe ich den Kaufvertrag,
Bestellnummer: ...
```

असं कळवल्यावर भरलेले पैसे, नेहमीच्या पोहोच खर्चासकट, 14 दिवसांत परत मिळायला हवेत. माल आपल्याकडे परत येईपर्यंत थांबण्याची मुभा दुकानदाराला असते. माल परत जाण्याचा खर्च कोणी सोसायचा हे त्याच्या अटींत बघावं लागतं. खास मापाने शिवून घेतलेल्या किंवा नाव कोरलेल्या वस्तूंना हा हक्क लागू होत नाही.

बूट हवेच असतील तर रद्द शब्द वापरूच नये. पुन्हा पाठवा, या वेळी घरच्या पत्त्यावर, आणि त्याचा खर्च किती ते कळवा, असं लिहावं. पुन्हा पाठवण्याचे पैसे बहुधा ग्राहकालाच पडतात, आणि इथे दुकानदाराशी हुज्जत घालण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. त्याने माल वेळेवर पोहोचवलेला असतो.

राहिलं ते बिल. बिलाची 30 दिवसांची मुदत पार्सल परत गेलं म्हणून आपोआप थांबत नाही. क्लार्नासारख्या कंपनीमार्फत पैसे द्यायचे असतील तर तिच्या ॲपमध्ये ‘माल परत जातोय’ अशी नोंद करून बिल थांबवता येतं. ती नोंद त्याच दिवशी करावी. नाहीतर न मिळालेल्या बुटांसाठी तगाद्याची पत्रं येऊ लागतात आणि त्यावर दंडाची रक्कमही चढते. ॲमेझॉनच्या लॉकरला ही यातायात नाही. तिथे न उचललेलं पार्सल परत जातं आणि पैसे परत होण्याची कारवाई आपोआप सुरू होते. ज्यांनी आधी तेच वापरलंय, ते इतर दुकानांच्या बाबतीतही तसंच होईल असं धरून बसतात आणि फसतात.

मुदत उलटल्यावर गांगरलेल्या अवस्थेत आणखी एका गोष्टीपासून सांभाळावं लागतं. ‘तुमच्या पार्सलचा कोड संपला आहे, नव्या कोडसाठी एक-दोन युरो भरा’ असे खोटे मेसेज डीएचएलच्या नावाने सर्रास फिरतात. पॅकस्टेशनचा संपलेला कोड पैसे भरून जिवंत करता येत नाही, हे माहीत असलं की असा मेसेज खोटा आहे हे चटकन कळतं. पोलंडमध्ये मुदत वाढवून मिळते, पण तीही ॲपमधूनच. त्यामुळे मेसेजमधल्या लिंकला हात न लावता ॲप आपणहून उघडावं. तिथे नोंद नसेल तर मेसेज पुसून टाकावा, आणि कार्डाचा नंबर आधीच भरून बसला असाल तर कपाट, दुकानदार सगळं बाजूला ठेवून पहिला फोन बँकेला करावा आणि कार्ड बंद करून घ्यावं.