ब्लर केलेला आकडा खरंच लपतो का?

घर भाड्याने घेताना एजंट आधार मागतो, हॉटेलवाला व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणतो, सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्स भरल्याचा पुरावा टाकावा लागतो. आपण स्क्रीनशॉट काढतो आणि पाठवण्याआधी नंबरावरून बोट फिरवून तो धूसर करतो. डोळ्यांना काही वाचता येत नाही, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण समोरच्याचे डोळे आणि समोरच्याचा संगणक यांत फरक आहे. डोळ्यांना न दिसणारी माहिती त्या धूसर पट्ट्यात बहुतेक वेळा शिल्लक असते आणि तिथून ती काढून घेता येते.

हे कसं घडतं ते समजण्यासाठी फोटोच्या ॲपमधला चौकड्यांचा परिणाम घेऊ. याला मोझॅक किंवा पिक्सलेट म्हणतात. स्क्रीनवरचं प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं आणि प्रत्येक ठिपक्याची उजळता ० ते २५५ या आकड्यांत नोंदलेली असते. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. मोझॅक करताना ॲप चित्राचे छोटे चौकोन पाडतं, समजा आठ बाय आठ ठिपक्यांचे, आणि प्रत्येक चौकोनातल्या ६४ ठिपक्यांची सरासरी काढून सगळ्या चौकोनाला तो एकच रंग देतं. एखाद्या चौकोनात अंकाचे १२ ठिपके काळे आणि बाकीचे पांढरे असतील, तर सरासरी येते २०७, म्हणजे फिकट राखाडी. ३० ठिपके काळे असतील तर येते १३५, म्हणजे बराच गडद. १ या अंकात शाई कमी आणि ८ मध्ये जास्त, त्यामुळे दोघांचे चौकोन वेगळ्या रंगांचे होतात. आपल्याला त्या राखाडी चौकोनांवरून अंक ओळखता येत नाही, पण कोणता अंक होता यावर त्यांचा रंग ठरलेला असतो, आणि एकाच अंकाचा, त्याच जागी, दर वेळी तोच रंग येतो.

म्हणून हा आकडा शोधणाऱ्याला धूसर चित्र उलट फिरवून स्पष्ट करावं लागतच नाही. तो अंदाज करतो आणि ताडून पाहतो. त्याच टायपात, त्याच आकारात ० लिहायचा, त्यावर तसाच मोझॅक मारायचा आणि आलेले रंग आपल्या चित्रातल्या रंगांशी जुळतात का ते बघायचं. नाही जुळले तर १, मग २. ब्लर नावाचा जो मऊ, धुक्यासारखा परिणाम असतो, त्यालाही हेच लागू आहे. तिथे चौकोनाऐवजी प्रत्येक ठिपक्यात त्याच्या शेजाऱ्यांचा रंग ठरावीक प्रमाणात मिसळला जातो. तोही हिशेबच आहे, आणि तोच हिशेब दुसरा कोणीही करू शकतो.

आता ई-आधारच्या स्क्रीनशॉटचं उदाहरण घेऊ. नंबर बारा अंकी. समजा पहिले आठ अंक मोझॅकखाली झाकले आणि शेवटचे चार उघडे ठेवले. आधारचा पहिला अंक ० किंवा १ नसतो, म्हणजे झाकलेल्या आठ अंकांच्या शक्यता होतात ८ कोटी. हा आकडा ऐकून हायसं वाटतं. पण मोझॅकचा प्रत्येक चौकोन फक्त आपल्या खालच्या तुकड्याबद्दल सांगत असतो, त्यामुळे सगळा नंबर एकदम ओळखायची गरज नसते. पहिल्या अंकाच्या जागेसाठी आठ अंदाज, पुढच्या प्रत्येक जागेसाठी दहा. सगळे मिळून ऐंशीसुद्धा भरत नाहीत. एखादा चौकोन दोन अंकांच्या सीमेवर आला, तर त्या दोन अंकांच्या शंभर जोड्या तपासाव्या लागतील. तरीही साध्या लॅपटॉपला हे क्षणाचं काम आहे.

वर आपण त्याला मदतही केलेली असते. टायप कोणता, अंकाची उंची किती, दोन अंकांत जागा किती सोडली आहे, हे सगळं त्या उघड्या चार अंकांवरून त्याला आयतं मिळतं. शिवाय आधारचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. आधीच्या अकरा अंकांवरून तो व्हर्हूफ नावाच्या पद्धतीने काढलेला असतो, आणि एक जरी अंक चुकला तरी हिशेब जुळत नाही अशी त्या पद्धतीची रचना आहे. नंबर टाइप करताना होणारी चूक पकडावी म्हणून केलेली ही सोय इथे उलटी कामाला येते. अकरा अंक सापडले आणि एकाच जागी ३ की ८ असा संशय राहिला, तर तपासणीचा अंक त्याचा निकाल लावतो, कारण त्या जागी दहापैकी एकच अंक बसू शकतो.

स्क्रीनशॉट हा या कामासाठी कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा सोपा असतो. कॅमेऱ्याच्या फोटोत उजेड कमीजास्त होतो, हात हलतो, कागद वाकलेला असतो. स्क्रीनशॉटमध्ये ५ हा अंक दहा वेळा आला तर दहाही वेळा बहुधा सारखाच उमटतो. त्यामुळे ताडून पाहणं अचूक होतं.

ही केवळ कागदावरची भीती नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी मोझॅक आणि ब्लर केलेला मजकूर संगणकाकडून वाचून घेता येतो हे २०१६ मध्ये शोधनिबंधात मांडलं. डिसेंबर २०२० मध्ये डेपिक्स नावाचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीच्या डॅन पेट्रो यांनी अनरिडॅक्टर हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. दुसऱ्या एका कंपनीने मोझॅक केलेला मजकूर ओळखून दाखवा असं आव्हान दिलं होतं, ते त्यांनी सोडवलं होतं. डेपिक्स चौकोन नीट जुळले तरच चालायचा. अनरिडॅक्टर एकेक अक्षर ताडत पुढे जातो आणि अक्षर शेजारच्या चौकोनात सांडलं असेल, तर तेही हिशेबात धरतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. चौकोन इतके मोठे असतील की अख्खा नंबर एकदोन चौकोनांतच मावेल, तर हजारो वेगवेगळे नंबर सारखाच रंग देतील आणि खरा कोणता ते सांगता येणार नाही. टायप माहीत नसेल किंवा चित्र चारदा फॉरवर्ड होऊन फाटलं असेल, तर काम अवघड होतं. पण आपल्या ॲपने चौकोन केवढे पाडले आणि ते पुरेसे मोठे होते का, हे डोळ्यांनी बघून आपल्याला कळत नाही. माझं मत त्यामुळे ठाम आहे: अंक आणि अक्षरं लपवण्यासाठी ब्लर किंवा मोझॅक वापरूच नये.

भरीव काळा चौकोन वेगळा ठरतो तो याच कारणाने. त्याच्या खालच्या सगळ्या ठिपक्यांची उजळता ० होते, खाली काहीही असो. कोणतंही झाकण पारखायचं तर एकच प्रश्न विचारावा: खालचा एक अंक बदलला असता, तर वरचं चित्र जरा तरी बदललं असतं का? ब्लरमध्ये बदललं असतं. भरीव चौकोनात नाही. जिथे फरकच पडत नाही तिथे ताडून पाहायला काही उरत नाही.

अर्थात चौकोन खरोखर भरीव असायला हवा. सर्वांत जास्त फसगत इथे होते, कारण घाईत आपण पेनाऐवजी हायलायटर उचलतो. हायलायटर अर्धपारदर्शक असतो. समजा त्याचा एक हात फिरला की खालचा फरक निम्मा उरतो. पाच हात दिले तर पांढरा कागद आणि काळा अंक यांच्यातला २५५ चा फरक जेमतेम ८ वर येतो. फोनवर तो पट्टा काळाकुट्ट दिसतो. पण समोरच्याने फोटो एडिट उघडून एक्स्पोजर आणि ब्राइटनेस शेवटपर्यंत सरकवले, की अंक पुन्हा वर येतात. ही तपासणी पाठवण्याआधी आपणही करू शकतो. झाकलेला फोटो उघडा, उजळता पूर्ण वाढवा, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि पट्ट्यात काही आकार दिसतो का बघा.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. चौकोन ओळीच्या उंचीचा आखला की शिरोरेखेपासून खालचा भाग झाकला जातो, पण वेलांट्या, मात्रा, रफार वर आणि उकार खाली डोकावत राहतात. ‘कुलकर्णी’ झाकताना सुरुवातीला खाली उकार आणि शेवटी वर रफार व वेलांटी दिसत असेल, पट्टा चारच अक्षरांचा असेल, तर मराठी माणसाला आडनाव ओळखायला संगणक लागणार नाही. म्हणून चौकोन ओळीच्या वरखाली मोकळा घ्यावा आणि शब्दापेक्षा बराच लांब ओढावा, म्हणजे नावाची लांबीही कळत नाही.

चौकोन चित्रात कायमचा मिसळला पाहिजे, हेही तितकंच महत्त्वाचं. पीडीएफ किंवा वर्डमध्ये मजकुरावर नुसता काळा आयत ठेवला, तर मजकूर खाली तसाच असतो. तो सिलेक्ट करून कॉपी करायचा आणि दुसरीकडे पेस्ट करायचा, एवढंच काम. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दाखल केलेल्या कागदातला काळा केलेला भाग पत्रकारांनी असाच वाचला होता. कापून टाकलेला भागही कधीकधी मागे राहतो. मार्च २०२३ मध्ये उघड झालं, की गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये स्क्रीनशॉट क्रॉप केला की नवी लहान फाइल जुन्या मोठ्या फाइलवर लिहिली जायची, पण जुनीचं शेपूट कापलं जात नव्हतं. त्या शेपटातून कापलेलं चित्र बरंचसं परत उभं करता येत होतं. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तोच दोष निघाला. दोन्ही कंपन्यांनी तो दुरुस्त केला, पण त्याआधी इंटरनेटवर गेलेल्या फाइली दुरुस्तीने बदलत नाहीत.

या सगळ्यावर साधा उपाय आहे. भरीव चौकोनाने झाकल्यावर तो फोटो स्क्रीनवर उघडायचा, त्याचा पुन्हा स्क्रीनशॉट काढायचा आणि तो दुसरा पाठवायचा. त्यात स्क्रीनवर दिसणारे ठिपकेच जातात, खालचा थर किंवा जुनी फाइल जात नाही. हायलायटरची चूक मात्र याने सुधारत नाही, कारण ती त्या ठिपक्यांतच असते.

आणि नंबर झाकताना क्यूआर कोड विसरू नका. आधारवरच्या कोडमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख असते, आणि जुन्या कार्डांवरच्या कोडमध्ये पूर्ण नंबरही असायचा. पेमेंटच्या स्क्रीनशॉटमध्ये यूपीआय आयडी बघा, कारण कित्येकांचा यूपीआय आयडी म्हणजे मोबाइल नंबरच असतो. आधारपुरतं बोलायचं तर झाकाझाकीची गरजच कमी करता येते. यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड होतं. त्यात पहिले आठ अंक मुळातच छापलेले नसतात, फक्त शेवटचे चार असतात. पुढच्या वेळी कोणी आधार मागितलं तर तेच पाठवा, आणि आधी ब्लर करून ग्रुपवर टाकलेले फोटो काढता येत असतील तर आजच काढा.