हवापालटाचे सभासदत्व आणि त्याला आलेले गिऱ्हाईक

‘आपला नंबर आमच्या सोडतीत निघाला आहे, उभयतांनी येऊन भेटवस्तू घेऊन जावी’, असा फोन आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. यातील ‘उभयतांनी’ हा शब्द आदरातिथ्याचा नव्हे. एकटा गृहस्थ आला तर ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून सुटतो. जोडीने आलेल्यांना ती वाट उरत नाही. मग हॉटेलच्या दिवाणखान्यात दोन-तीन तास गोड बोलणे चालते, आणि शेवटी ‘ही किंमत फक्त आजपुरती’ असे सांगून सही घेतली जाते.

सही कशावर होते ते पाहू. समजा, पंचवीस वर्षे दरसाल सात रात्री राहण्याचा हक्क ३,००,००० रुपयांना घेतला आणि वार्षिक देखभालखर्च १५,००० रुपये ठरला. तीच रक्कम सात टक्क्यांनी ठेवली असती तर वर्षाला २१,००० रुपये व्याज आले असते. दोन्ही मिळून ३६,००० झाले. म्हणजे एका रात्रीला पाच हजारांवर खर्च पडला, तोही सातही रात्री वापरल्या तर. जेवण आणि प्रवास वेगळा, शिवाय मुद्दल परत येत नाही ते निराळेच. ज्याला दरवर्षी नेमाने जाणे जमते आणि हवी ती तारीख मिळते, त्याला हा सौदा परवडेलही. पण दिवाळीत नि मे महिन्यात खोल्या भरलेल्या असतात, आणि शाळेतल्या मुलांच्या आईबापांना नेमक्या त्याच हव्या असतात.

बाहेर पडावे म्हटले तर करारपत्र आडवे येते. सभासदत्व रद्द करण्याची मुदत दिली असलीच तर थोड्या दिवसांची असते आणि बहुधा सहीच्या तारखेपासून मोजली जाते. कागद घरी येईपर्यंत ती संपून जाते. ‘तोंडी आश्वासने बंधनकारक नाहीत’ असे एक कलमही असते. पैसे हप्त्यांनी घेतले असतील तर कर्ज दुसऱ्याच संस्थेचे असते, आणि क्लबशी भांडण झाले म्हणून तिचे हप्ते आपोआप थांबत नाहीत.

आता आमच्या मते खरे लक्ष देण्याजोगे प्रकरण येते. दोन-चार वर्षांनी, सभासद पुरता कंटाळलेला असताना, दुसराच फोन येतो. ‘आपल्या सभासदत्वाला गिऱ्हाईक आहे, साडेपाच लाख द्यायला तयार आहे.’ बोलणाऱ्याजवळ सभासदाचे नाव, क्रमांक, भरलेली रक्कम, सगळी माहिती असते, म्हणून विश्वास बसतो. आधी नोंदणीचे ११,००० मागतात. मग साडेपाच लाखांवर अठरा टक्के कर म्हणून ९९,००० मागतात, ‘विक्री झाली की परत मिळतील’ या बोलीवर. त्यानंतर हस्तांतराचा दाखला, मग आणखी काही. गिऱ्हाईक मात्र कधीच समोर येत नाही.

जे क्लबकडे नवे कोरे तीन लाखांना मिळते, ते जुने कुणी साडेपाच लाखांना का घ्यावे? हा प्रश्न विचारायला सभासदाला भान उरत नाही, कारण बुडालेले पैसे निघण्याची आशा त्याला लागलेली असते. यावर साधी कसोटी आहे. ‘तुमचे जे काही असेल ते विक्रीच्या रकमेतून कापून घ्या’ असे म्हणावे. खरा दलाल याचा विचार करील. दुसरा शंभर कारणे सांगेल.

युरोपात हीच कसोटी कायद्यात आली आहे. १९९४ सालच्या निर्देशाने अशा करारांना बंधने घातली, पण ती किमान तीन वर्षांच्या करारांना. मग विक्रेत्यांनी पस्तीस महिन्यांचे करार काढले, नि ‘हॉलिडे क्लब’ या नावाने वेगळा माल मांडला! अखेर २००९ च्या नव्या निर्देशाने हे क्लब आणि पुनर्विक्रीचे करारही कक्षेत घेतले. चौदा दिवसांत कारण न देता करार मोडता येतो. आणि पुनर्विक्रीत प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत आगाऊ पैसा घेण्यास मनाई आहे.

आपल्याकडे या व्यवसायासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना आली आहे; ग्राहकावर अवाजवी बोजा टाकणारी अट तीत येते. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. सेवेतील उणीव किंवा फसवी विक्री एवढाच मुद्दा असेल तर जिल्हा आयोग पुरतो. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही. फोनवरच्या गिऱ्हाइकाला पैसे पाठवून बसलेल्याने मात्र आयोगाची वाट न पाहता त्याच दिवशी १९३० हा क्रमांक फिरवावा. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी कळवले तरच ती अडवता येण्याचा संभव असतो.