पाऊस शेवटी पाडायचा

कोरड्या रस्त्याच्या फोटोत पाऊस आणायचा, तर बहुतेक जण आधी तिरप्या पांढऱ्या रेघा मारायला घेतात. खरं तर ते काम सर्वांत शेवटचं. रस्ता ओला दिसत नसेल, तर रेघा फोटोवर पडलेल्या ओरखड्यांसारख्याच दिसतात.

समजा, दादरच्या बाजारातला एक फोटो आहे. मागे लाल बस, पुढे निळ्या सुती शर्टातला माणूस. फोटो ढगाळ दुपारचाच हवा. पायाशी कडक सावल्या असतील तर दुसरा शोधावा.

फोटोशॉपमध्ये आधी डांबर गडद करायचं. पाण्याच्या पातळ थरात प्रकाश आतल्या आत परतत राहतो आणि डांबर तो अधिक शोषतं, म्हणून ओला रस्ता काळपट दिसतो. मग प्रतिबिंबं. इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात, कारण लोक अख्खा फोटोच उलटा करून खाली चिकटवतात. बस आणि माणूस वेगवेगळ्या अंतरावर आहेत. बसचं प्रतिबिंब टायर जिथे टेकलाय तिथून सुरू होतं, माणसाचं त्याच्या टाचेपासून. म्हणून दोघांना वेगळं कापून `Flip Vertical` करायचं आणि आपापल्या जागी जोडायचं. डांबर खडबडीत असल्याने प्रतिबिंब उभं ताणलं जातं. त्यासाठी `Motion Blur` 90 अंशांवर. शिवाय पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर ते जेमतेम 2 टक्के प्रकाश परत पाठवतं, तिरप्या नजरेला मात्र कितीतरी जास्त. तेव्हा दूरचा रस्ता चकाकता ठेवायचा आणि कॅमेऱ्याजवळ चमक विरळ करत आणायची. छत्री किंवा दुकानाचं छत असेल तर ही युक्ती तोकडी पडते, कारण खऱ्या प्रतिबिंबात त्यांची खालची बाजू दिसते आणि ती मूळ फोटोत नसतेच.

शर्ट सगळाच गडद करू नये. आधी भिजतात ते खांदे आणि पाठीचा वरचा भाग. पँट भिजते ती खालून, उडालेल्या पाण्याने. बगल आणि पिशवीखालचा भाग कोरडा राहू द्यावा. सुती कापड ओलं झालं की रंग गडद होतो. रेनकोटचा रंग तसाच राहतो, त्यावर फक्त चमकते ठिपके येतात.

आता पाऊस. काळ्या लेयरवर `Add Noise`, मग तिरपा `Motion Blur`, आणि लेयर `Screen` वर. मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने पडतो. शटर 1/60 सेकंद उघडं असेल, तर रेघ 15 सेंटिमीटरची, म्हणजे त्या माणसाच्या उंचीच्या साधारण अकराव्या हिश्श्याएवढी. त्याच्या अंगाजवळून हातभर लांब रेघा गेल्या की बनाव उघडा पडतो. कॅमेऱ्याजवळचे थेंब मोठे आणि धूसर, लांबचे बारीक; त्यांचे लेयर वेगळे ठेवावेत. गडद बसवर रेघा उठून दिसतात, पांढऱ्या आभाळावर जवळजवळ नाहीच. `Screen` हे आपोआप सांभाळतं.

एवढं करूनही मागे कुणी मिटलेली छत्री काखेत धरून निवांत भाव करत उभा असेल, तर त्याला फोटोतून कापावंच लागतं.