आस्कंदाचा काढा आणि थायरॉइडची गोळी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा गोळा करणाऱ्या कुटुंबांना वनौषधींचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मात्र अश्वगंधा, म्हणजेच आस्कंद, थायरॉइडच्या गोळीसोबत घेताना सावधगिरी हवी.

समजा, घोडेगावातील एक गृहिणी थायरॉइड ग्रंथी मंदावल्याने रोज उपाशीपोटी ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेते. झोप लागावी म्हणून तिने रात्री आस्कंदाचा काढा सुरू केला. आस्कंदामुळे काही व्यक्तींच्या रक्तातील थायरॉइड संप्रेरक वाढते. त्यात गोळीची भर पडली की छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो आणि झोप अधिकच उडते. मग ती काढा वाढविते आणि मूळ कारणच बळावते. त्यावर झोपेची गोळी घेतल्यास दोहोंची गुंगी एकत्र येण्याचा धोका असतो. कॅमोमाइलच्या फुलांच्या चहाबाबतही हीच दक्षता घ्यावी.

अशा वेळी गोळी स्वतःहून सोडू नये. काढा थांबवून डॉक्टरांना त्याची स्पष्ट माहिती द्यावी आणि रक्ताची टीएसएच तपासणी करावी. टीएसएच प्रमाणापेक्षा कमी असणे, हे संप्रेरक जास्त झाल्याचे लक्षण होय. काढा बंद झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी फेरतपासणी केल्यास गोळीची योग्य मात्रा डॉक्टरांना ठरविता येते.