चारच्या रेषेची किंमत

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा अंदाज घेण्यासाठी पीएसए ही रक्ततपासणी करतात. तिच्या रिपोर्टवर रुग्णाच्या आकड्याशेजारी बहुधा छापलेले असते: ० ते ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. ३.९ आला तर घरचे निर्धास्त होतात आणि ४.२ आला तर बायॉप्सीची चर्चा सुरू होते. या दोन माणसांच्या रक्तात तसा काहीच फरक नसतो. निरोगी समजल्या जाणाऱ्या बहुतेक पुरुषांची पातळी चारच्या खाली असते, या निरीक्षणातून ही रेषा आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ मध्ये ही तपासणी रोगाच्या शोधासाठी मान्य केली, तोवर ही रेषा रूढ झालेली होती. पण निरोगी लोकांची पातळी किती असते आणि रोगी कुठे सापडतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निकाल लावता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी दोन मापे लागतात. ज्यांना रोग आहे त्यांपैकी शेकडा किती जण तपासणीत पकडले गेले, ही तिची संवेदनशीलता. ज्यांना रोग नाही त्यांपैकी शेकडा किती जणांना तिने योग्य रीतीने मोकळे सोडले, ही विशिष्टता. रेषा खाली आणली की पहिले माप वाढते आणि दुसरे घटते. वर नेली की उलट होते. म्हणून ‘या तपासणीची संवेदनशीलता किती?’ हा प्रश्न कटऑफ सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतो. प्रत्येक कटऑफची ही जोडी आलेखावर मांडायची, उभ्या अक्षावर संवेदनशीलता आणि आडव्यावर खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण, म्हणजे शंभरातून विशिष्टता वजा करून उरते ते. हे बिंदू जोडले की आरओसी वक्र तयार होतो. त्याचा उगम वैद्यकातला नाही. रडारच्या पडद्यावरचा ठिपका शत्रूचे विमान आहे की नुसता गोंगाट, या युद्धकाळातल्या प्रश्नातून तो आला. एका अर्थी हा वक्र दरपत्रक आहे: काय मिळवायला काय मोजावे लागेल ते तो सांगतो, खरेदी मात्र करत नाही.

पीएसएचा असा वक्र प्रामाणिकपणे काढणे बराच काळ जमले नव्हते, आणि त्याचे कारण शिकण्यासारखे आहे. चारच्या वर गेलेल्यांचीच बायॉप्सी करण्याची रीत होती. चारच्या खालच्यांमध्ये कुणाला रोग असला तरी तो कुणी शोधतच नव्हते, त्यामुळे हुकलेले रुग्ण हिशेबात येत नसत आणि संवेदनशीलता फुगलेली दिसे. ही त्रुटी भरून निघाली ती फिनास्टेराइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत, प्रोस्टेट कॅन्सर प्रिव्हेन्शन ट्रायलमध्ये. तिच्यात सात वर्षांनंतर पीएसए काहीही असला तरी सर्वांना बायॉप्सी देऊ केली होती. खोटे औषध घेतलेल्या गटातल्या ५,५८७ पुरुषांच्या बायॉप्सीचे निकाल इयान थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले. १,२२५ जणांना, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांना कर्करोग निघाला. ४.१ या कटऑफला संवेदनशीलता होती फक्त २०.५ टक्के आणि विशिष्टता ९३.८. कटऑफ ३.१ केल्यास हे आकडे ३२.२ आणि ८६.७ होत, २.१ ला ५२.६ आणि ७२.५, तर १.१ ला ८३.४ आणि ३८.९.

टक्के सोडून माणसे मोजू. याच गटासारखे हजार पुरुष घ्या: २२० रोगी, ७८० निरोगी. कटऑफ ४.१ असताना ४५ रोगी सापडतात, १७५ हुकतात आणि ४८ निरोगी माणसांवर खोटा इशारा येतो. रेषा ३.१ वर आणली की २६ रोगी जास्त सापडतात, पण आणखी साधारण ५६ निरोगी बायॉप्सीच्या रांगेत लागतात. म्हणजे दर जादा रोग्यामागे सुमारे २.२ खोटे इशारे. २.१ वर आलो की हा दर २.५ होतो आणि तिथून १.१ पर्यंत उतरताना ३.९. खाली जावे तसा प्रत्येक नवा रुग्ण महाग पडत जातो. कुठे थांबायचे ते या आकड्यांत लिहिलेले नाही. एक रोगी हुकणे हे किती विनाकारण बायॉप्सींच्या बरोबरीचे, हे आधी कुणीतरी सांगावे लागते. ‘तीन’ असे उत्तर आले, तर या चार रेषांपैकी २.१ ची निवडावी. ‘दोन’ आले, तर ४.१ च्या खाली यायचे कारण उरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो: असले मूल्यमापन डॉक्टरांच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा तटस्थ सूत्र वापरा. यूडेन यांनी १९५० मध्ये असे सूत्र दिले आहे: संवेदनशीलता आणि विशिष्टता यांची बेरीज जिथे सर्वाधिक, तो कटऑफ. इथे ते २.१ निवडते. पण सूत्राच्या तटस्थतेत एक ठरलेली किंमत दडलेली आहे. दोन्ही टक्के सारखेच मोलाचे धरले की या गटात एक हुकलेला रोगी बरोबर ७८० भागिले २२०, म्हणजे साडेतीन खोटे इशारे असा दर आपोआप लागू होतो. रोग शेकडा एकालाच असेल अशा गटात तेच सूत्र हा दर ९९ करते. म्हणजे मर्जी गेली नाही. ती सूत्राने रोगाच्या प्रमाणाच्या हवाली केली, आणि तीही कुणाला न विचारता. न सांगता लावलेल्या किमतीपेक्षा उघड सांगितलेली किंमत मला बरी वाटते, कारण तिच्याशी निदान भांडता तरी येते.

वक्राखालच्या क्षेत्रफळाचा आधार घेणाऱ्यांचेही तसेच. वरच्या अभ्यासात ते ०.६७८ भरले. म्हणजे एक रोगी आणि एक निरोगी यदृच्छेने उचलले, तर रोग्याचा पीएसए जास्त असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. नाणेफेकीची ५० टक्के असते. दोन तपासण्यांची तुलना करायला हा आकडा ठीक आहे, पण कटऑफ निवडायला निरुपयोगी, कारण कुणी कधीच वापरणार नाही अशा कटऑफचाही त्यात हिशेब असतो.

खरी मेख मात्र ‘रोग’ कशाला म्हणायचे यात आहे. बायॉप्सीत सापडलेल्या कर्करोगांपैकी बरेचसे सौम्य होते. त्यांतल्या अनेकांनी त्या माणसाला आयुष्यभरात त्रास दिला नसता. आक्रमक कर्करोग, म्हणजे ग्लीसन गुणांक सात किंवा अधिक असलेले, तेवढेच मोजले तर क्षेत्रफळ ०.७८२ वर जाते आणि ४.१ ची संवेदनशीलता जवळपास दुप्पट होते. रक्त तेच, यंत्र तेच. फक्त कशाला शोधायचे ते बदलले. शिवाय हे आकडे सगळीकडे उचलून लावण्याजोगे नाहीत. त्या चाचणीत सुरुवातीला पीएसए ३ पेक्षा जास्त नसलेल्या, पंचावन्न किंवा अधिक वयाच्या पुरुषांनाच घेतले होते. लघवीचा त्रास घेऊन आपल्याकडच्या यूरॉलॉजिस्टकडे येणाऱ्या रुग्णांचा वक्र वेगळा निघेल. संवेदनशीलता हा तपासणीचा अंगभूत गुण आहे असे पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते. तो समोर कोण बसले आहे यावरही ठरतो.

मग डॉक्टरांनी करावे काय, त्यांना एक आकडा तर लागतोच, हा आक्षेप रास्त आहे. आकडा ठेवावा, पण तो कुणासाठी आणि कोणत्या किमतीने हे माहीत असावे. ही किंमत स्थिरही नसते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ मध्ये पीएसएच्या सरसकट चाचणीविरुद्ध सल्ला दिला आणि २०१८ मध्ये तो सौम्य केला: ५५ ते ६९ वयोगटातल्यांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, सत्तरीनंतर करू नये. दरम्यान तपासणी बदललेली नव्हती. चाचणीच्या फायद्याचा पुरावा थोडा वाढला होता, आणि सौम्य कर्करोगावर लगेच शस्त्रक्रिया न करता नुसते लक्ष ठेवण्याची पद्धत रुळली होती. त्यामुळे असा कर्करोग सापडण्याची किंमतच कमी झाली होती.