म्हाताऱ्या कुत्र्याचं चिकन बंद करण्याआधी

घरातला कुत्रा नऊ-दहा वर्षांचा झाला, की कुणी ना कुणी सल्ला देतंच: ‘आता चिकन बंद करा, दूध-पोळीवर ठेवा, नाहीतर किडनी जाईल.’ सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण तो दोन ठिकाणी चुकतो. निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याला त्याने अपाय होतो. आणि किडनी खरोखरच बिघडलेली असेल, तर दूध-पोळी चिकनपेक्षाही वाईट ठरू शकते.

प्रथिनांची ही भीती मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून आली. भरपूर प्रथिनं खाणाऱ्या उंदरांच्या किडन्या वयाबरोबर लवकर खराब होताना दिसल्या आणि तोच नियम कुत्र्यांना लावला गेला. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात डेल्मार फिंको आणि सहकाऱ्यांनी तो कुत्र्यांवरच तपासला. वयस्कर कुत्र्यांची एक किडनी शस्त्रक्रियेने काढून त्यांना चार वर्षं वेगवेगळा आहार दिला गेला. काहींच्या अन्नात १८ टक्के प्रथिनं होती, तर काहींच्या अन्नात ३४ टक्के. जास्त प्रथिनांमुळे उरलेल्या किडनीला इजा झाल्याचं दिसलं नाही. हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९९२ मध्ये, याच गटाने किडनीचा बराच भाग गमावलेल्या कुत्र्यांना कमी आणि जास्त फॉस्फरसचं अन्न देऊन पाहिलं होतं. तिथे मात्र फरक ठळक होता: कमी फॉस्फरस खाणारे कुत्रे जास्त जगले.

याचं कारण शरीराच्या हिशेबात आहे. अन्नातला जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकणं हे किडनीचं काम. किडनी थकली की तो रक्तात साठू लागतो. त्याला आवरण्यासाठी शरीर जी संप्रेरकं वाढवतं, त्यांच्यामुळे हाडांतलं कॅल्शियम निघू लागतं, काही कॅल्शियम किडनीच्याच ऊतींत साचतं आणि उरलेला भाग आणखी लवकर निकामी होतो.

म्हणून अन्नाकडे पाहताना विचारायचा प्रश्न असा: एक ग्रॅम प्रथिनामागे किती फॉस्फरस पोटात जातो? चिकनमध्ये तो साधारण ७ मिलिग्रॅम असतो, दुधात सुमारे २७. अंड्याच्या पिवळ्या बलकात २४ च्या आसपास, पण पांढऱ्या बलकात जेमतेम दीड. गव्हाच्या पिठातही फॉस्फरस भरपूर असतो. त्यातला बराचसा कुत्र्याला पचत नाही, एवढाच दिलासा. पॉलिशचा पांढरा तांदूळ या बाबतीत पोळीपेक्षा बरा. सॉसेज, सलामी अशा पदार्थांत टिकवण्यासाठी घातलेले फॉस्फेट क्षार तर जवळपास पूर्ण शोषले जातात, त्यामुळे ते पूर्ण टाळावेत.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. अकरा वर्षांचा, ३० किलोचा लॅब्रॅडॉर. पाणी जास्त पितो, रात्री लघवीला उठतो. रक्तात क्रिएटिनिन २.०, फॉस्फरस ५.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. लघवी पातळ, पण तिच्यातून प्रथिनं जात नाहीत. ही किडनीच्या आजाराच्या चारपैकी दुसरी पायरी. या पायरीवर फॉस्फरस ४.५ च्या खाली ठेवायचा असतो. त्याचं रोजचं जेवण असं: ३०० ग्रॅम शिजवलेलं चिकन सूपसकट भातावर, दोन अंडी, अर्धा लिटर दूध आणि थोडी कलेजी. सगळं मिळून फॉस्फरस दीड ग्रॅमच्या वर जातो.

इथे दूध, कलेजी आणि पिवळा बलक आधी जातात. चिकन १५० ग्रॅमवर येतं, पण बंद होत नाही. ते लहान तुकडे करून भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं, कारण मांसातला बराच फॉस्फरस पाण्यात उतरतो. आपण मायेने भातावर ओततो ते सूप म्हणजे नेमकं हेच पाणी! सोबत सहा अंड्यांचा शिजवलेला पांढरा भाग, अर्धा किलो भात आणि उष्मांक भरून काढायला हळूहळू वाढवत दोन मोठे चमचे तेल. आता फॉस्फरस अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येतो आणि प्रथिनं ८० ग्रॅमच्या जवळपास राहतात. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला ती पुरेशी आहेत.

पण हे ताट अजून अपुरं आहे. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही आणि कित्येक जीवनसत्त्वं व खनिजंही कमी आहेत. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये किडनीच्या रुग्ण कुत्र्या-मांजरांसाठीच्या ६७ घरगुती पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा एकही सर्व निकषांवर पूर्ण उतरली नाही. म्हणून घरचं शिजवायचं तर प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं किंवा तयार ‘रीनल’ डॉग फूड वापरावं. पूरकांत कॅल्शियम कार्बोनेट दुहेरी काम करतं: कॅल्शियम देतं आणि जेवणातच मिसळलं तर आतड्यातला फॉस्फरस बांधून ठेवतं. रिकाम्या पोटी दिलं तर दुसरं काम होत नाही. माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं किडनीला उपकारक ठरतात, पण कॉड लिव्हर ऑइल त्या जागी चालत नाही, त्यातून अ आणि ड जीवनसत्त्व जास्त जातं. हाडांची पावडर तर फॉस्फरसचीच पुडी; ती ‘कॅल्शियम’ म्हणून या कुत्र्याला देऊ नये.

बदल सात ते दहा दिवसांत करावा, रोज जुन्या अन्नात नवं थोडं वाढवत. कुत्र्याला मळमळत असताना नवं अन्न सुरू करू नये. त्या चवीशी मळमळीची आठवण जोडली गेली की पुढे तो ते तोंडात घेत नाही. दर आठवड्याला वजन करावं आणि पाठीच्या कण्यावरून हात फिरवावा. मणके टोचू लागले, कानशिलं खोल गेली तर स्नायू झिजत आहेत. यात एक फसगत होते: क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे कुत्रा वाळला की रिपोर्टमधला आकडा खाली येतो आणि किडनी सुधारल्यासारखं वाटतं. प्रथिनं कमी केल्यावर युरियाही उतरतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करताना फॉस्फरस आणि वजन सोबत वाचावं. एसडीएमए ही चाचणी स्नायूंवर अवलंबून नसते, तीही करून घ्यावी.

प्रथिनं खरंच कमी करण्याची वेळ येते ती लघवीतून प्रथिनं जात असतील तेव्हा किंवा शेवटच्या पायऱ्यांवर, जेव्हा साठलेल्या युरियाने उलट्या होतात आणि जेवण सुटतं. त्याआधी नाही. ज्याचे रिपोर्ट चांगले आहेत अशा म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू वयानेच झिजत असतात. त्याला किलोमागे रोज अडीच-तीन ग्रॅम उत्तम प्रथिनं मिळायला हवीत. सातव्या-आठव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासून घ्या, आणि चिकन कमी करायचं की नाही हे त्या रिपोर्टवरून ठरवा, वयावरून नव्हे.