बॅकटेस्टमधला स्टॉपलॉस किती खरा?

शुक्रवार, 20 मार्च 2020 रोजी निफ्टी 8,745 वर बंद झाला. सोमवारी बाजार उघडला तोच 7,945 च्या आसपास, आणि तासाभरात दहा टक्क्यांचं लोअर सर्किट लागून व्यवहार 45 मिनिटं थांबले. समजा, कुणी शुक्रवारच्या बंद भावाला खरेदी करून दोन टक्के खाली, 8,570 ला स्टॉपलॉस ठेवला. त्याचं नुकसान किती?

घाईघाईने लिहिलेली बॅकटेस्ट सांगते, 175 अंक. बाजाराने मात्र 800 अंक घेतले असते, कारण 8,570 हा भाव सोमवारी आलाच नाही.

ट्रेडिंगची पद्धत जुन्या भावांवर तपासण्याचे दोन मार्ग आहेत. व्हेक्टराइज्ड पद्धतीत पांडाज किंवा नम्पाय वापरून भावांच्या अख्ख्या रकान्यावर एकाच फटक्यात गणित होतं. दहा वर्षांचा डेटा क्षणात तपासून होतो, त्यामुळे मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच्या शेकडो जोड्या पडताळता येतात. लूपमध्ये प्रोग्राम एकेक कँडल क्रमाने वाचतो. याला वेळ लागतो, पण हातात सौदा आहे का, कोणत्या भावाचा आहे, हे त्याला प्रत्येक टप्प्यावर ठाऊक असतं.

स्टॉपलॉसला नेमकं हेच लागतं. स्टॉप खरेदीच्या भावावर ठरतो आणि तो लागला की नाही यावर पुढची खरेदी अवलंबून असते. रकान्याच्या गणितात ही साखळी बसवणं अवघड, म्हणून भाव स्टॉपखाली गेला की ‘स्टॉपलाच विकलं’ असं धरून टाकलं जातं. लूपमध्ये गॅपचा विचार चार ओळींत होतो:

```python
if o <= stop:
    fill = o
elif l <= stop:
    fill = stop
```

इथे `o` म्हणजे उघडलेला भाव आणि `l` म्हणजे दिवसाचा नीचांक. भाव स्टॉपखालीच उघडला, तर विक्री उघडलेल्या भावाला.

लूपलाही मर्यादा आहेत. एकाच दिवशी स्टॉप आणि टार्गेट दोन्ही भाव येऊन गेले, तर आधी कोणता आला हे दिवसाच्या कँडलवरून कळत नाही. अशा वेळी एक मिनिटाचा डेटा पाहावा. तो नसेल तर स्टॉप आधी लागला असं धरावं. लिमिट ऑर्डरचंही तसंच आहे. भाव तिथे टेकून परतला म्हणजे आपला सौदा झालाच असं नाही, कारण त्याच भावावर आपल्याआधी लागलेल्या ऑर्डरी असतात. म्हणून भाव लिमिट ओलांडून गेला तरच सौदा मोजावा.

सुरुवातीची चाळणी व्हेक्टराइज्ड पद्धतीने करावी आणि त्यातून उरलेल्या मोजक्या पद्धती लूपमध्ये घालाव्यात. मग दोन्हींच्या सौद्यांच्या याद्या शेजारी ठेवून विक्रीचे भाव ताडून पाहावेत. नफा फक्त पहिल्या यादीत दिसत असेल, तर त्या पद्धतीवर पैसे लावू नयेत.